कप फिलिंग मशीनच्या जिनिव्हा यंत्रणेबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : सहा स्टेशनचे रोटरी कप फिलिंग व सीलिंग मशीन ठरलेल्या वेगाला चालत नसल्याबाबत

महोदय,

आमच्या डेअरीत आपले सहा स्टेशनचे मशीन 200 मिलीचे ताकाचे कप भरते. कोटेशनमध्ये मिनिटाला 45 कप लिहिले आहेत. मशीन 30 ला विनातक्रार चालते. 45 ला नेले की कपाच्या काठावर ताक सांडते, फॉइल नीट चिकटत नाही आणि क्रेटच्या तळाशी गळके कप सापडतात. आपल्या तंत्रज्ञांनी ऑपरेटरला दोष दिला आणि व्हीएफडीवर वेग उतरवून ते निघून गेले. वेग उतरवायला आम्हाला तंत्रज्ञ बोलवावा लागत नाही.

दोष कुठे आहे, हे आम्ही टेबलाखालचे कव्हर काढून पाहिले. मोटर एकसारख्या वेगाने फिरते आणि ड्रायव्हरवरची पिन दर फेऱ्याला जिनिव्हा व्हीलच्या एका खाचेत शिरून टेबल 60 अंश पुढे ढकलते. सहा खाचांच्या व्हीलमध्ये ड्रायव्हरच्या 360 अंशांपैकी 120 अंशांत टेबल फिरते आणि उरलेल्या 240 अंशांत थांबते. हे प्रमाण खाचांच्या संख्येवरच ठरते, व्हीएफडीने ते बदलत नाही. म्हणजे 30 च्या वेगाला टेबल 1.33 सेकंद थांबते, 45 ला जेमतेम 0.89 सेकंद. आपल्याच मॅन्युअलमध्ये सीलिंगसाठी 0.7 सेकंद दाब सांगितला आहे, आणि हेड खाली-वर व्हायला 0.3 सेकंद जातात. एकूण झाला एक सेकंद. तो 0.89 मध्ये कसा बसवायचा, हे कोटेशन लिहिणाऱ्यांनी सांगावे.

सांडण्याचे कारणही तिथेच आहे. वेग दीडपट केला की टेबलाचा झटका सव्वादोनपट होतो, कारण प्रवेग वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आमचे कप मध्यापासून 250 मिमीवर आहेत; तिथला सर्वाधिक स्पर्शरेषीय प्रवेग 30 ला सुमारे 3.3 मीटर प्रति सेकंद वर्ग येतो, तर 45 ला साडेसात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाऊणपट. काठोकाठ भरलेले ताक कपात राहील कसे? आणि काठ ओला झाला की फॉइल पूर्ण वेळ दाबूनही नीट धरत नाही.

याहून गंभीर बाब बसवणुकीची आहे. सहा खाचांसाठी ड्रायव्हर आणि व्हील यांच्या केंद्रांतले अंतर पिनच्या त्रिज्येच्या बरोबर दुप्पट लागते, तरच पिन खाचेत सरळ शिरते. आपल्या मशीनची पिन 60 मिमीवर आहे, म्हणजे अंतर 120 मिमी हवे. मोजले तर 121 भरले. एवढ्याने पिन खाचेच्या मध्यरेषेपासून अर्धा मिमी हुकते आणि तोंडाशी धडकते. सहाही खाचांच्या तोंडाला एकाच बाजूला घासल्याची चकाकणारी खूण दिसते. निळा रंग लावून हाताने फिरवले तर तो नेमका तिथेच पुसला जातो. जिनिव्हात पिन शिरताना थोडा ठोका असतोच, कारण प्रवेग शून्यापासून हळूहळू न वाढता एकदम सुरू होतो. पण हा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो.

त्याच एका मिमीमुळे ड्रायव्हरची लॉकिंग चकती आणि व्हीलच्या कमानी यांच्यातही ढील आली आहे. मशीन बंद असताना, पिन खाचेबाहेर असताना टेबलाची कड धरून हलवली तर ती हलते. थांबलेले टेबल असे डुलले, तर सीलिंग हेड कपाच्या काठावर मधोमध कसे बसणार?

आपण जादा पैसे घेऊन आठ खाचांचे व्हील सुचवले आहे. त्याने झटका निम्म्यावर येईल, हे खरे. पण आठ खाचांत थांबण्याचा वाटा 225 अंशांवर उतरतो; 45 ला 0.83 सेकंद. सील आणखीच कच्चे होईल. शिवाय टेबलही आठ स्टेशनचे लागेल.

आमच्या मते पाचवे स्टेशन सध्या रिकामे आहे, तिथे दुसरे सीलिंग हेड बसवावे. दोन्ही मिळून दाब विभागला की 0.89 सेकंद पुरतील. केंद्रांतर 120 वर आणून पिनची बेअरिंग व घासलेले व्हील बदलावे. सांडणे मात्र याने थांबणार नाही; त्यासाठी भरण्याची पातळी आणि वेग आमच्याच ताकावर चाचणी घेऊन ठरवावेत. त्यातून 45 निघाले नाहीत, तर जो वेग निघेल त्याप्रमाणे किंमत कमी करावी.

वॉरंटी चालू असल्याने हे काम विनामूल्य व्हावे. पंधरा दिवसांत तारीख कळवावी, नाहीतर उरलेली दहा टक्के रक्कम आम्ही रोखून धरू आणि ग्राहक म्हणून पुढची कारवाई करू. मोजमापाचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला विश्वासू,
उत्पादन प्रमुख