आधी बघ, ब्लर कुठला आहे ते

प्रिय मनू,

नदीपात्रातल्या ढोल-ताशा सरावाचे फोटो मिळाले, सगळे बघितले, आईने तर त्यातला ध्वजवाला लगेच स्टेटसला ठेवला पण. तू विचारलंयस की बाबा सगळे ब्लर येतायत, सेकंडहँड लेन्स आहे म्हणून खराब असेल का. लेन्स मस्त आहे गं. पण तुझ्या फोटोंत तीन वेगवेगळे ब्लर आहेत आणि तू तिन्हींना एकच समजून आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करायचा आकडा, फिरवत बसलीयस. फोनवर तू नुसतं हो हो कळलं म्हणतेस म्हणून लिहूनच पाठवतोय.

आधी चित्र उमटतं कसं ते बघ, मग बाकीचं आपोआप कळेल. समज लेन्सच नाही, नुसता सेन्सर उघडा धरलास ढोलवाल्यासमोर. त्याच्या नाकावरून निघालेला उजेड सेन्सरभर पडणार, फेट्यावरचाही सेन्सरभर, ढोलाच्या पानावरचाही सेन्सरभर, सगळं एकमेकांत मिसळून हाती येणार नुसता राखाडी चौकोन. चित्र हवं असेल तर नाकाचा उजेड एकाच ठिकाणी पडला पाहिजे आणि फेट्याचा दुसऱ्या ठिकाणी. त्याला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बारीक भोक. उजेड सरळ रेषेत जातो त्यामुळे वरचा किरण भोकातून खाली पडतो, खालचा वर, आणि आत उलटं चित्र तयार होतं. आंब्याखाली दुपारी जमिनीवर कवडसे पडतात ना, ते गोल का असतात माहितीये? पानांमधल्या फटी काही गोल नसतात, ते गोल म्हणजे सूर्याची चित्रं आहेत, म्हणून तर खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाखाली सगळीकडे चंद्रकोरीसारखे कवडसे दिसतात.

पण भोकाचा घोळ असा की बारीक ठेवलं तर अंधार आणि मोठं केलं तर चित्र फिसकटतं. लेन्स हे भांडण मिटवते. मोठ्या तोंडातून उजेड घेते आणि नाकाच्या एका बिंदूवरून आलेले सगळे किरण वाकवून परत एका बिंदूत आणते. तुझी ५० एमएमची लेन्स f/2 ला असते तेव्हा तिचं तोंड २५ मिलिमीटरचं असतं (५० भागिले २, एवढंच आहे ते गणित, म्हणून आकडा वाढला की भोक लहान होतं). तेवढ्याच अंतरावर ०.३ मिलिमीटरचं नुसतं भोक ठेवलं असतंस तर जवळजवळ सात हजारपट कमी उजेड आला असता, म्हणजे जो फोटो तू 1/125 सेकंदाला काढलास त्याला मिनिटभर लागलं असतं.

आता याची किंमत. लेन्समधून सेन्सरकडे जाणारा उजेड आईस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता होत जातो आणि त्याचं टोक बरोबर सेन्सरवर पडतं ते एकाच अंतरावरच्या वस्तूचं. जवळच्या वस्तूचं टोक सेन्सरच्या मागे जाणार, लांबच्याचं पुढेच संपणार, आणि सेन्सरवर बिंदूऐवजी गोल ठिपका पडणार. भोक लहान केलं की कोन बारीक होतो, ठिपकाही बारीक होतो, आणि डोळ्याला तो बिंदूच वाटतो. अपर्चरने, म्हणजे या भोकाच्या मापाने, मागचं ब्लर होतं असं सगळे पाठ करतात, ते होतं ते या ठिपक्यांमुळे.

तुझा तो ताशावाल्यांचा फोटो घे. इन्फो उघडून बघितलं, f/1.8 आहे, अंतर साधारण तीन मीटर. एवढ्याला तुझ्या कॅमेऱ्यात शार्प पट्टा जेमतेम २५ सेंटीमीटरचा मिळतो. पुढच्या पोराचा ताशा एकदम कडक आलाय आणि त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर उभ्या असलेल्या पोराचा चेहरा विरघळलाय. मागचे दिवे बघ, गोल गोल थाळ्या झाल्यात. ठिपका सगळ्या बाजूंनी सारखा पसरलाय आणि फ्रेममध्ये कुठेतरी काहीतरी शार्प आहे म्हणजे हा अपर्चरचा किंवा फोकसचा ब्लर. इथे शटर कितीही वाढवलंस तरी शष्प फरक पडणार नाही. f/4 केलंस तर पट्टा साधारण ५८ सेंटीमीटर होतो, f/8 ला सव्वा मीटरच्या आसपास.

दुसरा फोटो ढोलवाल्याचा. चेहरा शार्प, फेटा शार्प, कमरेचा पट्टा शार्प, पण टिपरूच्या जागी नुसता पांढरा फराटा. हा शटरचा. टिपरूचं टोक सेकंदाला पाच मीटर वेगाने जातंय असं धर, 1/60 ला शटर उघडं असताना ते आठ सेंटीमीटर सरकतं. तीन मीटरवरून ते सेन्सरवर १.४ मिलिमीटर होतं, तुझ्या सहा हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत साडेतीनशे पिक्सेलचा फराटा. 1/500 ला तेच टोक एक सेंटीमीटर सरकेल, चाळीस-पंचेचाळीस पिक्सेल. पूर्ण गोठणार नाही, पण मला विचारशील तर गोठूच नये, थोडं हललेलं टिपरू बघितलं की ठोका ऐकू येतो.

तिसरा, सगळ्या पथकाचा लांबून काढलेला, 1/30 वाला. त्यात दिवेसुद्धा वाकडे झालेत, आणि सगळे एकाच दिशेला एकसारखे वाकडे. पूल काही हलत नव्हता ना, हात हलला तुझा. ५० एमएमला तुझ्या कॅमेऱ्यावर हातात धरून 1/80 च्या खाली शक्यतो जाऊ नकोस.

मग तू म्हणशील f/4 पण लावते आणि 1/500 पण. लाव की, पण हिशोब बघ. त्या पुलाखालच्या उजेडात f/2, 1/125, आयएसओ १६०० ला फोटो बरोबर उजळ येत होता. f/2 वरून f/4 म्हणजे भोकाचा व्यास अर्धा, क्षेत्रफळ पाव, म्हणजे उजेड पाव. 1/125 वरून 1/500 म्हणजे वेळ पाव. दोन्ही मिळून सोळावा हिस्सा राहिला, तो भरून काढायला आयएसओ २५६०० लागेल आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा दिसेल. त्यापेक्षा एकच काहीतरी निवड. एकटा ढोलवाला असेल तर f/2 आणि 1/500, आयएसओ ६४००, फोकस डोळ्यावर. रांग हवी असेल तर f/4 ला जा पण शटर 1/125 ठेव आणि टिपरू वर थांबतं ना, खाली यायच्या आधी, त्या क्षणाला बटण दाब, तिथे वेग जवळजवळ शून्य असतो. पथकात स्वतः वाजवतेस तू, ठोका तुला पाठ आहे, याचा फायदा बाहेरून आलेल्या फोटोवाल्याला नसतो.

एक गोष्ट मात्र राहिली. 1/500 ला सलग दहा फ्रेम काढल्यास तर त्यातल्या काही काळपट येतील किंवा रंग बदलेल, तेव्हा कॅमेरा बिघडला म्हणून मला रात्री अकराला फोन करू नकोस. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी फ्लड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आणि एवढ्या कमी वेळात कधी शटर नेमकं मंद क्षणी उघडतं. 1/100 ला एक पूर्ण चक्कर पकडली जाते म्हणून उजेड सारखा येतो, पण मग टिपरू पाच सेंटीमीटर सरकणार. मी तरी 1/500 च ठेवून जास्त फ्रेम काढीन आणि काळ्या डिलीट करीन. मेन्यूत अँटी फ्लिकर असेल तर ते चालू करून बघ.

रविवारचे फोटो व्हॉट्सॲपवर नको पाठवूस, ते दाबून टाकतं आणि मग ब्लर कुठला ते मलाही ओळखता येत नाही. ड्राइव्हवर ओरिजिनल टाक, इन्फोसकट.

बाबा