ब्लेझरखालचा कुर्ता: शिंप्याकडे नेण्याआधी वाच

सातारा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

नेहाच्या साखरपुड्याला कुर्त्यावर ब्लेझर घालायचा तुझा बेत आईने सांगितला. तू पाठवलेले फोटोही पाहिले. बेत चांगला आहे. कार्यक्रम वाढे फाट्याच्या बाजूला, लॉनवर, संध्याकाळी सातनंतर आहे. जानेवारीत तिथे ऊन उतरलं की गार वारा सुटतो आणि नुसत्या सुती कुर्त्यात जेवणं होईपर्यंत उभं राहणं जड जातं. स्वेटर घातला तर कुर्ता झाकून जातो, आणि शाल तू सांभाळशील असं मला वाटत नाही. तेव्हा ब्लेझरच ठीक. फक्त फोटोत आहे तसाच घालून येऊ नकोस. ब्लेझर तुला छान बसलाय, कुर्त्याचं कापडही चांगलं आहे, पण दोघांचं एकमेकांशी जमत नाही, आणि त्याचं मुख्य कारण कुर्त्याची उंची आहे. तू थेट त्याच दिवशी दुपारी येणार, मग माझ्या हातात वेळ राहणार नाही. म्हणून तिकडच्या शिंप्याला काय सांगायचं ते सविस्तर लिहितो.

तुझ्या ब्लेझरची पाठीमागची उंची 29 इंच आहे आणि कुर्ता 42 चा. म्हणजे ब्लेझरच्या खाली जवळजवळ 13 इंच कुर्ता लोंबतो. तो गुडघ्यापर्यंत येतो, आणि तुझ्यासारख्या साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाचा पाय गुडघ्यापासूनच सुरू झाल्यासारखा दिसतो. माझा अंदाज असा, की ब्लेझरच्या उंचीचा पाव ते तिसरा हिस्सा एवढाच कुर्ता खाली दिसावा. 29 च्या ब्लेझरला तो साधारण सव्वासात ते साडेनऊ इंच होतो. तुझ्या उंचीला 8 इंच धर. कुर्त्याची कड मग गुडघ्याच्या वर थांबेल. दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. चार इंचांहून कमी दिसला तर तो कुर्ता वाटत नाही, शर्ट खोचायचा राहिलाय असं वाटतं.

आता हे 29 अधिक 8, म्हणजे 37, असं कागदावर मांडून शिंप्याला सांगू नकोस. इथेच बहुतेकांचं चुकतं. ब्लेझरची उंची मानेमागे कॉलरच्या शिवणीपासून मोजतात आणि कुर्त्याची खांद्यावर गळ्यालगतच्या बिंदूपासून. दोन्ही मापांची सुरुवातच वेगळी असल्याने बेरीज इंचाभराने सहज चुकते. शिवाय पोट, पाठीचा बाक, खांद्याचा उतार यांनी कापड वर ओढलं जातं ते वेगळंच. त्यामुळे माप अंगावरच घ्यायचं. आणि त्याआधी कुर्ता एकदा पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री कर. सुती कापड पहिल्या धुण्यात इंचभरही आटतं. कोरा कापलास तर नंतर हाती काही उरणार नाही.

मग पायजमा, बूट, कुर्ता आणि वर ब्लेझर असं सगळं घालून सरळ उभा राहा. खाली वाकून स्वतः खूण करू नकोस. वाकलास की मागची कड वर जाते. शिंप्याला सांग, ब्लेझरच्या मागच्या कडेपासून खाली 8 इंचांवर टाचणी लावा. ती टाचणी जमिनीपासून किती इंचांवर आली ते मोजायचं आणि तेवढ्याच उंचीवर चहूबाजूंनी खडूने खुणा करायच्या. तुझा उजवा खांदा किंचित उतरलेला आहे. कुर्ता टेबलावर पसरून सरळ रेषेत कापला तर अंगावर एका बाजूने लोंबेल. जमिनीपासून मोजलं की ती अडचण राहत नाही. खुणेच्या खाली दुमडीसाठी एक इंच ठेवून मगच कात्री लावायला सांग, आणि कड हातशिलाईने घालून घे. मशीनची जाड टीप फिकट कापडावर लगेच नजरेत भरते.

उंची कमी झाली की बाजूचे कटही आपोआप आखूड होतात, आणि हे शिंपी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तुझ्या कुर्त्याचे कट 12 इंचांचे असतील तर साडेचार-पाच इंच कापल्यावर सात-साडेसातच उरतील. मग कट ब्लेझरच्या कडेच्या खाली सुरू होतो, कुर्ता नळीसारखा बंद बाहेर येतो, आणि बसल्यावर मांडीवर ताणून वर सरकतो. कटाचं तोंड ब्लेझरच्या आत, कडेच्या दीड-दोन इंच वर लपलं पाहिजे. म्हणून शिवण उसवून कट 10 इंचांपर्यंत वर न्यायला सांग आणि तोंडाशी आडवे टाके घालून घे, नाहीतर पहिल्याच मांडी घालण्यात तिथे उसवेल.

दुसरी गोष्ट रुंदीची. फोटोत काखेखाली जो गोळा दिसतो आणि ब्लेझरची पाठ फुगल्यासारखी वाटते, तो दोष ब्लेझरचा नाही. तुझी छाती 38. तयार कुर्ता सैल असावा म्हणून त्याचा छातीचा घेर 45 ठेवलेला आहे, आणि ब्लेझर मोजलास तर 42 भरेल. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा तीन इंच मोठं! ते जादा कापड कुठेतरी जाणारच. ते मुंढ्यात आणि पाठीवर जमतं. दोन्ही बाजूंच्या शिवणी पाऊण-पाऊण इंच आत घे, म्हणजे दोन्ही पदर धरून एकूण तीन इंच कमी होतील. 42 घेराचा कुर्ता तुला डोक्यातून सहज जाईल आणि हातही वर होतील. शिवण मुंढ्यापासून खाली कटापर्यंत सलग घ्यायची, मध्येच छातीशी सोडून द्यायची नाही, नाहीतर खालचा घेर तसाच राहून कड झग्यासारखी उभी राहते.

बाहीची मोहरी 11 इंच आहे, ती साडेनऊ कर. याहून कमी केलीस तर मूठ अडकेल. रुंद मोहरी ब्लेझरच्या बाहीत गुंडाळली जाऊन कोपरापर्यंत चढते आणि तू संध्याकाळभर ओढत बसतोस. हात सरळ सोडल्यावर कुर्त्याची बाही ब्लेझरखाली अर्धा इंच दिसावी. मानेमागेही तेवढीच पट्टी ब्लेझरच्या कॉलरच्या वर दिसावी. तुझा कुर्ता उभ्या पट्टीचा आहे ते बरं झालं. शर्टासारखी पडती कॉलर असती तर ब्लेझरच्या कॉलरखाली ती एका बाजूने दबून वाकडी झाली असती.

आता रंग. गडद निळ्या ब्लेझरखाली तू दोन कुर्ते दाखवलेस, एक मोतिया आणि एक डाळिंबी. मोतियाच घाल. डाळिंबी दिवसा सुंदर दिसतो, पण लॉनवर पिवळ्या माळांचा उजेड असतो. त्यात गडद निळा काळा होतो आणि डाळिंबी तपकिरी, मग ब्लेझर कुठे संपला आणि कुर्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. माझं पटत नसेल तर रात्री खोलीत पिवळा दिवा लावून दोन्ही घालून फोटो काढ आणि मोबाइलमध्ये तो कृष्णधवल कर. मोतिया ब्लेझरपासून स्वच्छ सुटून दिसेल, डाळिंबी जवळपास तेवढाच काळपट येईल. कपड्यांचा तोल आधी फिकट-गडदावर ठरतो, रंगाचं नाव नंतर.

खाली निळी पँट घालायचं तुझ्या मनात आहे असं आई म्हणाली. ते करू नकोस. वर निळा, मध्ये 8 इंच मोतिया, खाली पुन्हा निळा, म्हणजे मांडीवर पांढरा आडवा पट्टा बांधल्यासारखं होईल आणि नजर तिथेच अडेल. उंच माणसाला ते चालून जातं, तुला नाही. पायजमा मोतियाच घे. मग गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच फिकट उभी रेघ राहते, कुर्त्याची कड तिच्यात विरून जाते आणि पाय पूर्ण लांबीचे दिसतात. फक्त कुर्ता सोबत नेऊन, दुकानाबाहेर उजेडात छटा जुळवून घे. मोतिया कुर्त्याखाली दुधी पांढरा पायजमा आला तर वरचा कुर्ता मळका वाटतो. अगदी तीच छटा मिळाली नाही तर स्पष्ट वेगळा दिसेल असा बदामी घे, जवळचा घेऊ नकोस. पायजमा सरळ, मोहरी 14 इंचांच्या आसपास. चुडीदार नको. ब्लेझरने खांदे भरदार होतात आणि खाली चुण्यांत आवळलेले पाय काटकुळे दिसतात.

ब्लेझरचं बटण उभा असताना लावू नकोस, उघडाच ठेव. ती मोतिया रेघ तेव्हाच पूर्ण दिसते. फार गार वाटलं तर दोनपैकी वरचं एकच लाव आणि बसताना सोड. थंडीसाठी आत पातळ थर्मल घाल, पण खोल गळ्याचा. उंच गळ्याचा कुर्त्याच्या पट्टीतून डोकावतो. कुर्त्याच्या बाजूच्या खिशात मोबाइल ठेवू नकोस. तो मांडीवर आपटत राहतो आणि कुर्ता एका बाजूला खेचतो. ब्लेझरच्या आतल्या खिशात ठेव.

कोल्हापुरी घालू नकोस एवढं मात्र ऐक. रात्री गवतावर दव पडतं, चामडं ओलं होऊन मऊ पडतं आणि तळवे गारठतात. तुझे तपकिरी लोफर पुरे.

शिंप्याला बाजूच्या शिवणीतलं जादा कापड कापून टाकू देऊ नकोस, आत तसंच दुमडून ठेवायला सांग. पुढे अंगाने भरलास तर उसवून सोडता येईल. बदल झाल्यावर ब्लेझर घालून एक फोटो समोरून, एक पाठीमागून आणि एक खुर्चीत बसून असे पाठव. काही राहिलं असेल तर त्या दिवशी दुपारी तासाभरात मी सुई-दोऱ्याने सावरून देईन.

तुझे,
बाबा