आत्ता बोलायचंय!

सांगली
२१ सप्टेंबर

प्रिय शुभा,

एकोणीस तारखेला दुपारी साडेचारला तुझा मेसेज आला, 'आत्ता बोलायचंय, फोन कर.' मी लिहिलं, 'रात्री साडेनऊला करते. काही अडलं असेल तर एका ओळीत आत्ताच लिही.' रात्री बोलताना तू हसत म्हणालीस, की मैत्रिणीलाही तू अशिलासारखंच उत्तर देतेस. हसत म्हणालीस, पण तुला लागलं होतं, ते कळलं मला. मग म्हणालीस, माझ्याकडेही दिवसभर अशिलांचं हेच 'आत्ता बोला' चाललेलं असतं, तू कसं निभावतेस ते नीट लिहून पाठव. काल रात्री या महिन्यातलं शेवटचं जीएसटीचं रिटर्न, थ्री-बी, भरून झालं. आज टेबलावर चहा आहे आणि फोन गप्प आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी फजिती ऐक. चार वर्षांपूर्वीची वीस तारीख. एका हार्डवेअरवाल्या काकांचं थ्री-बी भरत होते. तेवढ्यात दुसऱ्याच एका अशिलाचा फोन आला, 'मॅडम, दोनच मिनिटं.' नाही म्हणवेना. फोन खांदा आणि कान यांच्यात धरला आणि आकडे टाकत राहिले. काकांचं आयजीएसटीचं १८,६०० रुपयांचं क्रेडिट शेजारच्या सीजीएसटीच्या रकान्यात पडलं. पुढचं तुला माहीतच आहे. आयजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला वापरता येतं, सीजीएसटीचं येत नाही. त्यामुळे एसजीएसटीत तूट दिसली, मी काकांना चलन पाठवलं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी रोख पैसे भरले. भरलेलं थ्री-बी मागे घेता येत नाही, सगळी दुरुस्ती पुढच्या महिन्यात. संध्याकाळी काका विचारायला आले, 'ताई, या वेळी जास्त का हो?' तेव्हा कुठे रकाना दिसला मला. पैसे बुडाले नाहीत, पण महिनाभर अडकले. आणि ज्यांची 'दोन मिनिटं' होती, त्यांचं काम काय होतं? पुढच्या महिन्यात मुलाच्या नावानं नवीन नोंदणी करायची होती!

म्हणजे घाई कुणाच्या आवाजात आहे यावरून काम किती घाईचं आहे ते ठरत नाही. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. 'आत्ता बोलायचंय' याला हो किंवा नाही म्हणायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा.

मागच्या महिन्याचंच सांगते. पुन्हा एकोणीस तारीख, पाच वाजायला आलेले. हळदीच्या एका व्यापाऱ्यांचा मेसेज: 'मॅडम आत्ता बोला. फार अर्जंट.' मी लिहिलं, 'कुणी दारात आलंय, गाडी अडलीय, की कागद आलाय?' उत्तर आलं, 'नोटीस आलीय.' म्हटलं, पहिल्या पानाचा फोटो पाठवा, तारीख दिसली पाहिजे. फोटो आला. एएसएमटी-१० होती, जीएसटीआर-१ आणि थ्री-बी यांच्या विक्रीत फरक आहे म्हणून खुलासा मागणारी. तारीख आदल्याच दिवसाची. मग मी जे लिहिलं ते जसंच्या तसं देते:

'नोटीस पाहिली. घाबरू नका, उत्तराला ३० दिवस आहेत आणि त्यातला एकच गेलाय. आज आणि उद्या मी रिटर्नमध्ये आहे, तुमचंही त्यातच आहे. परवा २१ ला सकाळी ११ ला मीच फोन करते. तोवर त्या दोन महिन्यांचं विक्रीचं रजिस्टर पाठवून ठेवा. मध्ये ऑफिसातून कुणी आलं किंवा गाडी अडली, तर मेसेज नको, थेट फोन करा, मी उचलीन.'

यातलं 'मीच फोन करते' हे सगळ्यात कामाचं आहे. 'नंतर बोलू' म्हटलं की माणूस तासाभरानं परत विचारतो, कारण नंतर म्हणजे कधी, ते त्याला कळलेलं नसतं. 'बिझी आहे' म्हटलं तर त्याला वाटतं, दुसरा कुणीतरी आपल्यापेक्षा मोठा गिऱ्हाईक आहे. वार आणि वेळ दिली, की तो निवांत झोपतो. रजिस्टर मागितल्यानं त्याच्या हाताला काम मिळतं आणि आपला फोनही छोटा होतो. ठरल्याप्रमाणे २१ ला अकराला मी फोन केला, तोवर रजिस्टर येऊन पडलं होतं. एका महिन्याच्या अखेरीचं बिल जीएसटीआर-१ मध्ये त्याच महिन्यात दाखवलेलं, थ्री-बीत मात्र पुढच्या महिन्यात गेलेलं. बारा मिनिटांत बोलणं संपलं. एएसएमटी-११ मध्ये उत्तर टाकलं.

तारीख मात्र बघच. एकदा अशीच नोटीस आली आणि मी सवयीनं 'सोमवारी बोलू' लिहिणार होते. फोटो मोठा करून पाहिला तर नोटीस तेवीस दिवसांपूर्वीची! पोर्टलवर ईमेल जुन्या अकाउंटंटचा होता, तिकडेच पडून राहिली होती. सोमवारचं त्याच संध्याकाळवर आणावं लागलं.

आणि गाडीचं का वेगळं, तेही सांगते. याच हळदवाल्यांचा मे महिन्यात रात्री अकराला फोन आला. त्यांची स्वतःचीच गाडी, टायर फुटून रस्त्यात उभी, आणि आतल्या मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल मध्यरात्री संपणार. मुदत वाढवता येते ती संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. सकाळी निवांत बोलू म्हटलं असतं तर आठ वाजता ती खिडकी बंद. पहिल्या रिंगला उचलला, गाडी कुठे आहे ते विचारलं, उरलेले किलोमीटर आणि कारण टाकलं, मुदत वाढवून दिली. एरवी मी त्यांना दोन दोन दिवस थांबवते, त्याचा राग त्यांनी कधी धरला नाही, तो या असल्या रात्रींमुळे.

आता माझं चुकतं कुठे तेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील फार शहाणी झाली. दिलेली वेळ दोनदा तरी चुकवलीय मी. अकरा म्हटलं आणि साडेबाराला केला. मग पुढचे तीन महिने त्या गृहस्थांनी मेसेज म्हणून केला नाही, दर वेळी थेट ऑफिसात येऊन खुर्चीत बसायचे. म्हणून हल्ली वेळ देताना मी स्वतःला अर्धा तास जास्तच देते, आणि दिली की लगेच गजर लावते. दिवसाला तीनच्या वर असे फोन ठेवत नाही. चौथ्याला सरळ उद्याची वेळ.

आणि नात्यातली माणसं अवघड, शुभा. तुझे दीर रात्री दहाला विचारतात, 'वहिनी, जरा बोलायचं होतं', तिथे 'गाडी की कागद' नाही चालणार. मी माझ्या मामेभावाला लिहिते, 'दादा, आत्ता डोकं चालत नाहीये, चुकीचं सांगेन. उद्या चहाच्या वेळी करू?' खरंच असतं ते, रात्री दहाला मी चुकीचंच सांगते.

एकोणीसला तुला जे लिहिलं त्यात एक कमी पडलं. 'काय झालं गं?' एवढं तरी आधी विचारायला हवं होतं. तू अशील नाहीस.

तुझ्या गावातल्या त्या मेडिकलवाल्यांचं प्रकरण घेऊन शनिवारी ये. कोल्हापूरहून सकाळची गाडी धर, दहापर्यंत पोचशील. फोन बंद ठेवते म्हणणार नाही, गाडी अडली तर उचलावा लागेल. जेवायला वांग्याचं भरीत करते.

तुझी,
नीला