मामाचे पैसे मामाच्याच खात्यातून

पुणे

ती. आई-बाबांना सा. न.

वरच्या दोन खोल्यांसाठी मामा आईला सहा लाख देतोय, हे ऐकून बरं वाटलं. पण ते मामाच्या मुलाच्या, संतूदादाच्या खात्यातून पाठवायचं चाललंय, तेवढं मात्र थांबवा.

आई, भावाने बहिणीला कितीही पैसे भेट दिले तरी तिला आयकर लागत नाही. भाचा मात्र त्या कायद्याच्या नातेवाइकांत बसत नाही. आत्याने भाच्याला दिले तर चालतं, भाच्याने आत्याला दिले तर नाही! अशा लोकांकडून वर्षाला पन्नास हजारांच्या वर आले की सगळी रक्कम तुझं उत्पन्न धरतात. उद्या नोटीस आली तर ‘पैसे मामाचेच होते’ हे तोंडी सांगून भागणार नाही, पासबुकात नाव दादाचं दिसेल.

म्हणून मामाने स्वतःच्या खात्याचा, तुझ्या नावाचा चेक द्यावा. चेकची झेरॉक्स आधी काढून ठेवा. पतसंस्थेतून आरटीजीएस केलं तर तुझ्या पासबुकात कधी कधी मामाऐवजी संस्थेचं नाव येतं. तसं झालं तर संस्थेकडून सही-शिक्क्याचं पत्र आणि यूटीआर नंबर घ्यायचा. रोख नकोच. एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

मामाच्या खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा उताराही लागेल. त्यात कारखान्याची ऊसबिलं जमा झालेली दिसली की पैसा कुठून आला ते आपोआप कळतं. आदल्या दिवशी सहा लाख रोख भरून दुसऱ्या दिवशी चेक दिला, तर पहिला प्रश्न त्यावरच येईल. मग ऊसबिलाच्या पावत्या आणि जमिनीचा पहाणी उतारा जोडावा लागेल. पहाणी कन्नडमध्ये असते, तिचं इंग्रजी भाषांतर मी करून घेईन.

भेटीचं पत्र मी लिहून पाठवते. दोघांची नावं, पॅन, नातं, रक्कम, चेक नंबर, तारीख आणि ‘प्रेमापोटी, परतफेड किंवा मोबदला न घेता’ एवढं पुरे. मामाने दिले म्हणून आणि तू स्वीकारले म्हणून, दोघांच्याही सह्या हव्यात. पैशाच्या भेटीला रजिस्ट्रेशन लागत नाही, पण बेळगावात नोटरी करून घ्या.

बाबा, एक नाजूक गोष्ट तुम्हीच विचारा. आजोबांच्या शेतावर आईची हक्कसोड सही घ्यायचं मामाच्या मनात आहे का? त्या बदल्यात हे पैसे असतील तर ती भेट नव्हे, आणि ‘मोबदला न घेता’ हे वाक्य खोटं ठरेल. तसं असेल तर सही करू नका, मला आधी फोन करा.

टीडीएस परत मिळावा म्हणून आईचं रिटर्न आपण भरतोच, त्यात ही रक्कम करमुक्त म्हणून दाखवू. काम सुरू होईपर्यंत पैसे एफडीत ठेवलेत तर त्याचं व्याज मात्र आईच्या उत्पन्नात धरावं लागेल.

मामाचं पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान व्हॉट्सअॅपवर पाठवा.

तुमची,
सुमा