खोलीतली फुले, गॅस आणि वास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात एक वाक्य वाचले: ‘सुगंधी फुले रात्री ऑक्सिजन शोषून घेतात, म्हणून ती झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत.’ मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हे वाक्य घरून घेऊन यायचा, आणि आम्ही फळ्यावर त्याचा हिशेब मांडायचो. तोच इथे मांडते.

दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात साधारण ३४,००० लिटर हवा मावते, आणि त्यातला सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. झोपलेले मोठे माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, म्हणजे आठ तासांत शंभर लिटरच्या आसपास. आता उशाशी पाव किलोचा गुच्छ ठेवा. फुलेही श्वसन करतात, हे अगदी खरे आहे, आणि ती रात्रीच नव्हे, दिवसाही करतात. पण सढळ हाताने धरले तरी एवढ्या फुलांतून तासाला १०० मिलिलिटरच्या वर वायू निघत नाही. म्हणजे रात्रभरात एक लिटरही नाही. त्याच खोलीत दुसरे माणूस झोपले, तर ते गुच्छाच्या शंभरपट हवा वापरते आणि त्याला कोणी बाहेर काढत नाही. बंद खोलीत सकाळी डोके जड वाटत असेल, तर खिडकी उघडावी. त्याचा दोष फुलांच्या श्वसनावर टाकता येत नाही.

हा समज आला कुठून, तेही सांगायला हवे, कारण त्याच्या मुळाशी चांगले विज्ञान आहे. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच डॉक्टरांनी प्रयोगांतून दाखवले की पाने उजेडात हवा शुद्ध करतात आणि अंधारात ती थोडी बिघडवतात. फुले तर दिवसरात्र बिघडवतात, असेही त्यांना दिसले. रात्रीचे हे बिघडवणे दिवसाच्या शुद्धीपुढे फार थोडे आहे, हेही त्यांनीच नोंदवले होते. लोकांच्या लक्षात मात्र पहिला भाग राहिला, दुसरा गळून पडला. पुढे फुले आजाऱ्याच्या खोलीबाहेर ठेवण्याची पद्धत पडली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये रुग्णसेवेवर लिहिताना तिला सडेतोड उत्तर दिले: कोंदट हवेत रुग्णाला उकडत ठेवायचे आणि पेलाभर फुले मात्र नाकारायची, हा अडाणीपणा आहे, झाडांतून रात्री निघणाऱ्या त्या वायूने माशीदेखील मरणार नाही. त्याच ओघात त्या आणखी एक गोष्ट सांगून गेल्या. लिलीसारख्या काही फुलांचा वास मज्जासंस्थेला मंद करतो असे म्हणतात, आणि अशी फुले वासावरूनच ओळखून टाळता येतात. माझ्या मते शोध घ्यायचा तो इथे, वायूत नव्हे.

रजनीगंधा, रातराणी, मोगरा ही फुले संध्याकाळनंतर वास सोडतात. रात्री उडणाऱ्या पतंगांना बोलावण्याची ती तऱ्हा आहे. म्हणजे आपण दार लावून झोपतो, तेव्हाच त्यांचे काम सुरू होते. पाचदहा मिनिटांत आपले नाक त्या वासाला सरावते आणि वाटते की वास कमी झाला. तो कमी झालेला नसतो. शिवाय नाकात वास ओळखणाऱ्या नसेखेरीज चुरचुर आणि टोचणी जाणवणारी दुसरी नस असते. तीच नस चेहऱ्यावर पसरते आणि मायग्रेनच्या दुखण्यातही तिचा हात असतो. ती वासाच्या नसेइतक्या लवकर सरावत नाही. ज्यांना मायग्रेन आहे त्यांच्यापैकी अनेकांना उग्र वास सोसत नाही, आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याने खोकला किंवा धाप लागते. बाकीच्यांना बहुधा काहीच होत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला मायग्रेन आहे. काही वर्षांपूर्वी आठवड्यातून दोनतीनदा ती पहाटे डोके धरून उठायची. कोणीतरी ऑक्सिजनची गोष्ट सांगितली, म्हणून तिने खोलीतल्या सगळ्या कुंड्या बाहेर नेल्या. दुखणे तसेच राहिले. मी गेले तेव्हा दिसले की रजनीगंधाच्या काड्या दाराबाहेरच्या टेबलावर होत्या आणि दार रात्रभर उघडे असायचे. तिच्या मते फुले ‘खोलीत नव्हती’. मी तिला तीन पाळ्या करायला सांगितल्या, प्रत्येकी दहा रात्रींच्या: एकदा रजनीगंधा, एकदा तेवढ्याच वजनाची जर्बेरा, जिला वास जवळजवळ नसतोच, आणि एकदा काहीच नाही. झोपायची वेळ आणि खिडकी तिन्ही वेळा सारखी ठेवायची, आणि सकाळी उठल्याबरोबर वहीत डोके कसे आहे ते लिहायचे. जर्बेराही रजनीगंधासारखीच श्वसन करते, त्यामुळे कारण हवा असते तर दोन्ही वेळा डोके दुखले असते. रजनीगंधाच्या दहा रात्रींत चार वेळा दुखले, जर्बेराच्या दहांत एकदा, फुलांविना एकदा. एका माणसाच्या तीस रात्रींवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण तिच्यापुरता निर्णय झाला आणि कुंड्या परत आत आल्या.

वासाने झोपच मोडते का? २००४ मध्ये मेरी कार्सकॅडन आणि रेचेल हर्ट्झ यांनी झोपलेल्या तरुणांच्या नाकाशी पुदिन्याचा आणि पिरिडीन नावाच्या उग्र रसायनाचा वास सोडून पाहिला. नुकता डोळा लागलेला असताना तो कळत होता, पण गाढ झोपेत वासाने माणसे जागी होत नव्हती. आवाजाने मात्र होत. अभ्यास अवघ्या सहा जणांवरचा होता आणि वास फुलांचे नव्हते, तेव्हा तो फार ताणू नये. पण फुलांच्या वासाने मध्यरात्री दचकून जाग येते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. अडचण आलीच तर ती झोप लागण्याच्या वेळी किंवा उठल्यावर डोकेदुखीच्या रूपात येईल. (मांजर असलेल्या घराने लिली मात्र कोणत्याही वेळी आणू नये. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.)

आपल्याला लिहावेसे वाटले ते एका अभ्यासामुळे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात दम्याच्या १७ रुग्णांना पंधरा मिनिटे गुलाबाच्या वासाचे एकच द्रव्य हुंगायला दिले होते. त्यांतल्या काहींना सांगितले की याने दमा वाढू शकतो, आणि इतरांना सांगितले की हे गुणकारी आहे. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वास धोक्याचा आहे असे ऐकलेल्यांच्या श्वासनलिकेतली सूज दाखवणारी खूण वाढली आणि दुसऱ्या दिवशीही ती वाढलेलीच होती. वास गुणकारी समजून बसलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजे जो वाचक आपले वाक्य वाचून गुलाबाला घाबरेल, त्याला तो गुलाब खरोखरच त्रास देऊ शकतो.

म्हणून विनंती आहे की ते वाक्य पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावे. ‘मायग्रेन किंवा दमा असेल आणि उग्र वास सोसत नसेल, तर रजनीगंधा, लिली, मोगरा रात्री खोलीबाहेर, दाराआड ठेवा, इतरांनी काळजी करू नये’, एवढे छापले तरी चालेल. ऑक्सिजनचा उल्लेख तेवढा काढून टाकावा.

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका