ताई, ९१व्या स्तोत्राबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

ताई,

तुम्हाला समोरासमोर सांगायला गेले की माझं रडू येतं आणि मग तुम्हीच मला पाणी देत बसता, म्हणून लिहूनच काढते, आणि सगळ्यांसमोर लिहिते कारण मी जिथे अडकले होते तिथे अडकलेले अजून बरेच जण असतील असं वाटतं.

दादाचा अपघात झाला ती रात्र तुम्हाला आठवत असेल. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आम्ही सगळे पवित्र शास्त्रातलं ९१वं स्तोत्र म्हणत होतो, सकाळपर्यंत किती वेळा म्हटलं मोजलं नाही, आणि मी तर अकरावं-बारावं वचन धरूनच बसले होते, तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, तुझा पाय धोंड्याला लागू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील. पाय. नेमका पायच. आणि सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचला पण उजवा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

त्यानंतर मी पवित्र शास्त्र उघडायचे पण ते पान टाळायचे. मला एका माणसाने, चांगल्याच मनाने, सांगितलं की विश्वास कुठेतरी कमी पडला असेल, नाहीतर वचन खोटं कसं होईल. ते मी महिनोन्‌महिने डोक्यात घेऊन फिरले. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मला समजावायला गेला नाहीत, रागावलातही नाही, फक्त विचारलंत, "हे स्तोत्र तू करारपत्रासारखं वाचतेयस का गं?" आणि मला शास्ते या पुस्तकाचा चौथा आणि पाचवा अध्याय शेजारी शेजारी वाचायला लावलात. मला तेव्हा कळेना की माझ्या दुःखाचा आणि सीसरा नावाच्या सेनापतीचा काय संबंध.

आता जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. या दोन अध्यायांत एकच घटना दोनदा आहे, चौथ्यात गोष्ट म्हणून आणि पाचव्यात दबोरा या संदेष्टीचं गाणं म्हणून. गोष्टीत सगळं क्रमाने येतं, इस्राएलाच्या शत्रूचा सेनापती सीसरा, त्याच्याकडे नऊशे लोखंडी रथ, त्याचं सैन्य हरतं, तो रथातून उतरून पायी पळतो, हेबेराची बायको याएल त्याला तंबूत घेते, पांघरूण घालते, तो पाणी मागतो, ती दुधाची पखाल उघडते, परत पांघरूण घालते, तो दमून गाढ झोपतो, आणि मग ती हळूच जाऊन तंबूची मेख हातोड्याने त्याच्या कानशिलात ठोकते. कोण कुठे होतं, आधी काय, नंतर काय, सगळं नीट लागतं.

आणि गाण्यात? गाण्यात तो तिच्या पायांपाशी वाकला, पडला, निपचित झाला, परत वाकला, परत पडला, जिथे वाकला तिथेच मरून पडला. मी तुम्हाला लगेच म्हटलं की हे जुळत नाही, झोपलेला माणूस वाकून पडेल कसा? तुम्ही म्हणालात, मोठ्याने वाच. वाचलं, आणि ऐकू आलं की तो एकच क्षण आहे, गाणं त्याला पुन्हा पुन्हा पाडतंय, जसं आपण एखादी ओळ घोळवतो तसं. नऊशे रथांचा मालक एका तंबूत एका बाईच्या पायाशी, हे नुसतं सांगून होत नाही, ते पडताना दिसावं लागतं. त्याच गाण्यात तारे आकाशातून सीसराशी लढतात आणि कीशोन नदी शत्रूला वाहून नेते, चौथ्या अध्यायात कीशोनचं फक्त नाव येतं, ताऱ्यांचं तर तेही नाही. आणि शेवटी सीसराची आई खिडकीतून वाट बघत असते, रथ यायला इतका उशीर का झाला म्हणून, ती बाई गोष्टीत येतच नाही. ताई, मी तिथे थांबले होते बराच वेळ. गोष्ट सांगते काय झालं, आणि गाणं सांगतं ते कोणाकोणावर कसं येऊन आदळलं. दोन्ही खरं, पण गाण्याला पंचनाम्याचे प्रश्न विचारले तर ते खोटं वाटायला लागतं आणि चूक आपल्या प्रश्नाची असते.

तेव्हाच तुम्ही मला त्या कवितेची चाल दाखवलीत. इब्री कवितेत एक ओळ येते आणि पुढची ओळ तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत, थोडी वाढवून म्हणते, म्हणजे यमक अक्षरांचं नाही, अर्थाचं. याएलीचा हात मेखेकडे, उजवा हात हातोड्याकडे. आकडेसुद्धा असेच जोडीने चालतात, पहिल्या ओळीत हजार तर दुसरीत दहा हजार. त्यावर तुम्ही १ शमुवेल १८ काढून दिलंत, जिथे बाया नाचत गातात की शौलाने हजारो मारले आणि दावीदाने दहा हजारो, आणि राजा शौल चिडतो, मला हजारच दिले म्हणून. दावीदाची स्तुती त्यात होतीच, पण गाण्याच्या आकड्यांचा हिशोब घालून तो माणूस आतून जळत गेला आणि दावीदावर डोळा ठेवू लागला. आणि मग तुम्ही काही न बोलता ९१व्या स्तोत्राचं सातवं वचन माझ्यासमोर ठेवलंत. तुझ्या बाजूला हजार पडतील, उजव्या हाताला दहा हजार. तीच जोडी! मी कितीतरी वर्षं ते पाठ म्हणत होते आणि मला कधी ते ऐकूच आलं नव्हतं.

मग आपण ते स्तोत्र वरून खाली वाचलं, अपघातानंतर पहिल्यांदा. चौथ्या वचनात देव आपल्या पिसांनी झाकतो, पंखांखाली घेतो. तुम्ही विचारलंत, देवाला पिसं आहेत का? मी म्हटलं नाही, ते चित्र आहे, पिलांवर पंख पसरलेली पक्षीण. मग तुम्ही विचारलंत, मग बाराव्या वचनात येईपर्यंत तेच गाणं एकदम लेखी हमी कसं झालं? मला उत्तर देता येईना. एकाच कवितेत पिसं चित्र म्हणून घेतली आणि धोंडा मात्र शब्दशः धरला होता, कारण मला त्या रात्री तो तसा हवा होता.

आणि पंधरावं वचन, जे मी नेहमी घाईघाईत संपवायचे. तिथे बोलणारा बदलतो, चौदाव्यापासून देव स्वतः बोलतो, आणि तो काय म्हणतो, संकटात मी त्याच्याजवळ राहीन. संकटात! संकट येणारच नाही असं जर हे स्तोत्र म्हणत असतं तर ही ओळ तिथे कशाला असती? ते तिथे छापलेलं होतं ताई, कायमचं, मीच वाचत नव्हते.

सगळ्यात जास्त हादरले ते मत्तय ४ वाचून. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून उडी मार म्हणतो आणि त्यासाठी नेमकं हेच अकरावं-बारावं वचन म्हणून दाखवतो. शब्द शास्त्रातलेच. पण त्याने भरवशाच्या गाण्याची अट करून टाकली, उडी मार म्हणजे देवाला झेलावंच लागेल. येशू उत्तर देतो अनुवाद ६:१६ मधून, देवाची परीक्षा पाहू नको. मला ज्यांनी विश्वास कमी पडला असं सांगितलं त्यांच्यावर माझा राग नाही आता, पण ते स्तोत्र त्यांनीही तसंच वापरलं होतं आणि मीही.

नंतरचे धडे मी याच रीतीने शिकले, समोर गाणं आहे, कायदा आहे, गोष्ट आहे की पत्र, ते आधी बघायचं. नियमशास्त्र वाचताना तुम्ही अनुवाद २२:८ घेतलंत, नवं घर बांधलं तर छताला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेला तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. इथे चित्र शोधायचं नाही, इथे सरळ विचारायचं की हे कोणाला, कुठल्या परिस्थितीत आणि कोणाला वाचवायला सांगितलंय. त्यांची छपरं सपाट, लोकांचा वावर वरतीच, राहाबेने हेरांना लपवलं तेही छतावर तागाच्या काड्यांत. मग उतरत्या छपराच्या घराला कठडा नसला म्हणून आज्ञा मोडली असं नाही, पण जिन्याला दिवा नसेल, विहिरीला झाकण नसेल तर तीच आज्ञा आपल्याकडे बोट दाखवते. कायद्याचा हेतू धरून पुढे न्यायचा, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत.

आणि गोष्टीबद्दल एवढंच की गोष्टीत घडलं म्हणजे कर असं सांगितलं नाही, याएलीने पाहुण्याला मारलं हे वाचून कोणी मेख शोधायला जात नाही.

शास्त्रातल्या पत्रांचं मात्र मला वेगळं सांगायचंय. दादाने दवाखान्यातून आल्यावर भिंतीवर फिलिप्पैकरांस ४:१३ लावलं होतं, जो मला शक्ती देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, आणि नवा पाय लावून चालताना पडला की त्या कागदाकडे बघून अजूनच खचायचा. तुम्ही घरी आलात आणि त्याला म्हणालात की दुसऱ्याचं पत्र मधूनच वाचायचं नाही, आधी कोणी लिहिलं, कुठून, कशासाठी ते बघ. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवलीय आणि ती पोचल्याचं हे पत्र आहे. आणि तेराव्याच्या आधी बारावं आहे, मला भरल्या पोटी राहता येतं आणि उपाशीही, भरपूर असताना आणि नसतानाही. "सगळं" म्हणजे ते सगळं. दादा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, म्हणजे हे न पडण्याबद्दल नाहीचे. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने बारावं वचन वरती लिहिलं, अक्षर जरा वाकडं आहे, पण कागद तोच ठेवलाय.

गंमत बघा, त्या चौथ्या अध्यायात पौल त्या मदतीबद्दल दहा-अकरा वचनं बोलतो पण "तुमचे आभार" असं सरळ कुठेच म्हणत नाही, मला फार आनंद झाला, तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत, असंच म्हणतो. मी एवढं मोठं लिहूनही मला त्याहून बरे शब्द सापडत नाहीयेत. तुम्ही आमच्या संकटात वाटेकरी झालात ताई.

मागच्या रविवारी घरच्या प्रार्थनेत वाचायची पाळी दादाची होती. त्याने ९१ काढलं. मी श्वास रोखून बसले होते, म्हटलं बारावं गाळेल. नाही गाळलं. पायाची ओळ आली तेव्हा थोडा थांबला, दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले, आणि पुढे पंधराव्यापर्यंत एका आवाजात वाचत गेला.

तुमची,
तीच जी नेहमी मागच्या खुर्चीवर बसते