आपा, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

आपा, अस्सलामु अलैकुम.

तुम्हाला हे आवडणार नाही, तरी चारचौघांत लिहितेय. माझ्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर पडू दे.

मेंदूज्वरातून उठल्यावर मला पहिला घोर लागला तो आजारपणात सुटलेल्या नमाजांचा. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पाहायला आले आणि जाताना अब्बांच्या हातात हिशेब ठेवून गेले, एका नमाजेमागे इतका गहू, त्याचे इतके रुपये, द्या आणि मोकळे व्हा. दुसऱ्या एकानं मोबाईलवर पाठवलं की रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला चार रकात पढल्या की आयुष्यभराची कजा फिटते. विचारपूस मात्र दोघांनीही केली नाही, की बाई, तू किती दिवस बेशुद्ध होतीस, किती दिवस शुद्धीत?

तुम्ही आलात, पाणी प्यालात आणि अब्बांना, भाईजानना म्हणालात, "जरा कोपऱ्यावरून चहा सांगून येता का? तिथंच पिऊन या, घाई नाही." घरात चहापत्ती होती, आपा. ते दोघं उंबरा ओलांडून गेल्यावर तुम्ही खुर्ची पलंगाजवळ ओढलीत आणि हळूच विचारलंत, "हैजचे दिवस आठवतात का?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि पुरुषांसमोर मी तो काढणार तरी कसा! त्या दिवसांच्या नमाजेची कजा नसतेच, रोज्यांची असते. मी मात्र सगळेच दिवस डोक्यावर घेऊन बसले होते.

मग तुम्ही शुद्धीचं विचारलंत. आजारानंच शुद्ध गेली होती की औषधानं झोपवलं होतं? कारण औषधानं आणलेल्या बेशुद्धीचा मसला वेगळा. माझी आजारानंच, घरीच गेली होती आणि आठवडाभर परतली नव्हती. आपल्या हनफी मसलकात अशी बेशुद्धी पाच नमाजांच्या पुढं गेली की त्या काळातल्या नमाजा माफ. पाच किंवा कमी असत्या तर कजा करावी लागली असती. तुम्ही पेन्सिलनं तो आठवडा आडवा खोडलात.

उरले शुद्धीतले, अंथरुणातले साधारण 90 दिवस. लघवीची नळी होती, म्हणून 'नमाज होत नाही' असं सगळ्यांनी सांगितलेलं. तुम्ही म्हणालात, होत होती. नळीवाला माजूर ठरतो, प्रत्येक वक्ताला एकदा वुजू किंवा तयम्मुम, आणि पडल्या पडल्या डोक्याच्या इशाऱ्यानं रुकू-सजदा. मान हलत होती, म्हणून त्या नमाजा माझ्या जिम्मे राहिल्या. रागावला नाहीत, नुसता हिशेब मांडलात. 90 मधून हैजचे 20 वजा, राहिले 70. वहीत फजर, जुहर, असर, मगरिब, इशा आणि वित्र असे सहा रकाने. सुन्नतांची कजा नाही, त्यामुळे एका दिवसाच्या 20 रकाती, फर्जच्या 17 आणि वित्रच्या 3.

पढायचं कसं, तर रोजच्या प्रत्येक नमाजेबरोबर त्याच वक्ताची एक कजा. नियत, 'माझ्या जिम्मे असलेली सर्वांत पहिली फजर'. ती पढली की दुसरी आपोआप पहिली होते, तारखा आठवत बसायला नको. सहा किंवा जास्त नमाजा चुकल्या की क्रमाचं बंधन सुटतं. सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना कजा पढायची नाही. असरनंतर नफल चालत नाही, पण ऊन पिवळं पडेपर्यंत कजा चालते, हे मला नवीनच होतं. आणि पाय थरथरले तर बसून, कारण कजा आजच्या ताकदीनं होते.

गव्हाच्या हिशेबाचं मी भीत भीत विचारलं. पढायची ताकद असेपर्यंत नमाजेला फिदिया नाही, म्हणालात. तो मेल्यानंतरचा, तोही वसीयत केली असेल तर. आणि शेवटच्या जुम्म्याच्या चार रकातींना आधार नाही. त्या गृहस्थांचं नाव मात्र तुम्ही विचारलंही नाहीत. मी असते तर घरी जाऊन सुनावून आले असते!

इल्म असलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. सांगायच्या आधी विचारणारी थोडी. जजाकिल्लाहु खैरन, आपा.

मगरिबचा रकाना आधी भरत आलाय, तीनच रकाती ना! फजर मागं आहे, कारण सकाळी अजून अंगात बळ नसतं, म्हणून फजरच्या कजा मी इशानंतर पढते. गल्लीतल्या खालांना अर्धांगवायूनंतर हाच घोर लागलाय. वाचा गेलीय, पण डोकं शाबूत आहे. जुम्म्यानंतर त्यांच्याकडे याल का? त्यांचा मुलगा घरातून हलत नाही, त्याला काय सांगून बाहेर काढायचं ते तुम्हीच बघा.